उंच नळाचं बेसिन

१४ नोव्हेंबर २०२२ रोजी व्रजलाल कंसारांनी बेसिनचे ३,८५० रुपये मोजले. जामनगरच्या नळ बनवणाऱ्या कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं हिशेब सांभाळले होते. दिवाळीला शेठनी त्यांना स्वतःच्या हाताने पितळेचा लांब मानेचा नळ दिला होता. बेसिन घ्यायचं ते त्या नळाला शोभेल असंच, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं.

जिन्याखालचं बाथरूम जेमतेम तेहेतीस इंच रुंद. मोटीबेन, म्हणजे त्यांची थोरली बहीण उजमबेन, आता कायमची राहायला येणार होती. गुडघ्यांमुळे तिला वरचं बाथरूम जमणार नव्हतं.

दुकानदार म्हणाला, "पायावरचं घ्याल तर त्याचा खांब वाटेत येईल. अर्धं आत बसणारं घ्या. फळी अरुंद पुरते, वाटी पुढे येते. नाहीतर भिंतीवरचं छोटं."

"भिंतीवरचंच घ्या," त्यांच्या पत्नी भानुबेन म्हणाल्या. "मोटीबेन ठेंगणी आहे."

"आणि शेठचा नळ काय देव्हाऱ्यात ठेवू? त्याला फळीवरची वाटीच लागते."

"मग नळालाच बोलवा राहायला!"

वाटीच आली. प्लंबर अयुबभाई फळी जमिनीपासून सत्तावीस इंचांवर घ्या म्हणत होता. व्रजलालभाईंनी ओट्यासारखी तेहेतीसवर घेतली. वर सहा इंचांची वाटी. अठरा इंच फळीने खाल्ले, चालायला पंधरा उरले.

मोटीबेन आली. जेवण झालं की हात धुवायला, चूळ भरायला ती मागच्या अंगणातल्या नळाकडे जायची.

"मोटीबेन, घरात एवढं झकपक बेसिन आणि तुम्ही अंगणात? गाय बांधली आहे का तिकडे?"

"सवय रे, वजा. तुझं बेसिन पाहुण्यांना राहू दे," ती हसून म्हणायची.

पौषात थंडी वाढली तरी ती अंगणातच जायची. संक्रांतीनंतर तिने पिशवी भरली आणि राजकोटला धाकट्या भावाकडे निघून गेली. म्हणाली, हवापालट.

"कसला हवापालट?" त्या संध्याकाळी भानुबेन म्हणाल्या. "तिचा हात पोचत नव्हता. कमोडकडे जाताना अंग आडवं करून, फळीला घासत जायची. मला शपथ घातली होती, तुम्हाला सांगू नको म्हणून."

व्रजलालभाई बाथरूममध्ये गेले. गुडघे वाकवून तिच्या उंचीला आले आणि नळ सोडला. वाटीची कड छातीला आली. पाणी मनगटावरून कोपराकडे ओघळलं, सदऱ्याची बाही भिजली. ते तसेच वाकून राहिले.

आठवड्याभरात फळी उखडली. भिंतीवर अकरा इंची बेसिन तीस इंचांवर बसलं, साधा बुटका नळ लागला. त्यांनी राजकोटला फोन केला.

"मोटीबेन, बेसिन बदललं. आता या."

"अरे, कशाला खर्च केलास?" ती म्हणाली. "इथं आता बस्तान बसलं रे. कथा ऐकायला जायला शेजारणीची सोबतही मिळाली. कोणी पुन्हा गाठोडं बांधावं?"

त्यांनी आग्रह केला नाही. करायला हवा होता, असं त्यांना पुढे अनेकदा वाटलं. मोटीबेन पुन्हा आली नाही; पुढच्या चैत्रात ती देवाघरीच गेली.

फळी उखडल्याचे अयुबभाईचे चारशे रुपये अजून द्यायचे आहेत; एकतीस वर्षं हिशेब सांभाळलेल्या व्रजलालभाईंना हा एक हिशेब मिटवावासा वाटत नाही.