समाधानी पालक

मुलीचा दहावीचा निकाल लागला आणि दोन दिवसांनी तिच्या ट्यूशनच्या सरांचा मेसेज आला. "प्रिय पालक, आपल्या पाल्याच्या घवघवीत यशाबद्दल अभिनंदन. आमच्या क्लासबद्दल आपला अनुभव दोन-तीन ओळींत लिहून पाठवावा, सोबत पाल्याचा एक छान हसरा फोटो पाठवावा. आधी इथे पाठवा, मग खालच्या लिंकवर पाच स्टार देऊन तेच टाका आणि स्क्रीनशॉट पाठवा." खाली हात जोडलेले, गुलाबाचं फूल. फोटो कुठे लावणार, कशाला वापरणार, याचा एक शब्द नाही. नको असेल तर नका पाठवू, हेही नाही.

आमच्या जिल्हा परिषदेच्या ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या बाईचा मुलगाही त्याच क्लासला. त्याला बहात्तर टक्के. तिला मेसेज आलाच नव्हता. म्हणजे कोणता पालक समाधानी आहे, हे पालकाला विचारायच्या आधीच सरांनी ठरवून टाकलं होतं. माझ्या मुलीला चौऱ्याण्णव, म्हणून मी समाधानी.

मी समाधानी नव्हते. अजून नाही.

सराव परीक्षेत मुलीचा गणिताचा पेपर बिघडला. तापात दिला होता, पण ते सोडा. या क्लासची एक पद्धत होती. सराव परीक्षेनंतर पोरं दोन बॅचमध्ये वाटायची, पुढची आणि मागची. पुढच्या बॅचला सर स्वतः शिकवणार, मागचीला त्यांनी नेमलेला कुणीतरी. आणि ही वाटणी मेसेजवर कळवायची नाही, वर्गात करायची. नाव घेतलं की त्या पोरानं दप्तर उचलायचं आणि सगळ्यांच्या देखत बाजूच्या खोलीत जायचं. माझ्या पोरीनं उचललं. जाताना सर म्हणाले, "हिच्याकडून लय अपेक्षा होती, पण हिच्यात दम नाही." घरी आली ती आठवडाभर धड जेवली नाही. त्यानंतर क्लासला गेलीच नाही. तिचे बाबा नोकरीला अमरावतीला असतात, ते शनिवारी अकोल्याला येत आणि रविवारी दिवसभर तिच्यासोबत गणितं सोडवत बसत. बाकी दिवस ती एकटी.

मेसेज मी तिला दाखवला. तिनं वाचला आणि म्हणाली, "आई, माहा फोटो कुठीच देऊ नको. मले त्यायच्या क्लासचं नावबी नाही पाह्यजे."

"नाही देत," मी म्हटलं.

मी गप्प बसणार होते. पण माझा मुलगा नववीत, त्याच क्लासला. वर्षाची फी भरलेली, आणि पोराचे सगळे दोस्त तिथंच. सरांनी त्याला भरवर्गात विचारलं, "तुह्या आईनं ताईचा फोटो कावून नाही पाठवला अजून?" पोरगा खाली मान घालून घरी आला. तेव्हा माझं डोकं फिरलं. म्हटलं, अनुभव पाहिजे ना, घ्या.

मी लिहिलं, "सर गणित उत्तम शिकवतात. माझ्या मुलीला गणिताची गोडी इथेच लागली. पण एका पेपरात मार्क कमी पडले म्हणून तिला सगळ्यांसमोर दप्तर उचलायला लावून मागच्या बॅचमध्ये पाठवलं. तिच्यात दम नाही असं म्हटलं. पुढचा अभ्यास तिने घरी केला. असं कुठल्याही मुलाशी करू नये. तिची इच्छा नसल्यामुळे फोटो पाठवत नाही." पहिली दोन वाक्यं खरी होती म्हणूनच लिहिली. माणूस शिकवतो चांगलं, हे मला नाकारता येत नव्हतं, आणि त्याचाच जास्त राग येत होता.

उत्तरात हात जोडलेले आले. "धन्यवाद ताई."

चार-पाच दिवसांनी क्लासच्या चौकात फ्लेक्स लागला. एका रांगेत पोरांचे चेहरे, मधोमध सर हाताची घडी घालून. दुसरा चेहरा माझ्या मुलीचा. निकालाच्या दिवशी पेढे द्यायला मुलाबरोबर तिलाही मीच पाठवलं होतं, रीत म्हणून. तेव्हा तिथल्या ऑफिसातल्या बाईनं मोबाइलवर काढलेला तो फोटो. चेहऱ्याखाली चौऱ्याण्णव टक्के आणि त्याखाली, "सर गणित उत्तम शिकवतात. माझ्या मुलीला गणिताची गोडी इथेच लागली. – एक समाधानी पालक."

मुलीनं तो माझ्याआधी पाहिला. घरी येऊन सरळ आतल्या खोलीत गेली; मी एवढंच लिहून दिलं असं तिला वाटलं. मीच तिला मोबाइल उघडून माझा पूर्ण मेसेज दाखवला. तिनं दोनदा वाचला. "मंग त्यायले म्हणा, हे बी लावा," एवढंच म्हणाली.

संध्याकाळी मी क्लासवर गेले. प्रवेश चालू होते, बाहेरच्या खोलीत बाकड्यांवर पालक बसलेले. त्यांच्यात बाळापूरहून आलेला एक गृहस्थ होता, नववीतल्या मुलासाठी कधीपासून जागा मागत होता आणि बॅच फुल आहे म्हणून सर त्याला थांबवून ठेवत होते. मी सरळ सरांच्या टेबलासमोर उभी राहिले.

"माह्या पोरीचा फोटो कोणाले विचारून लावला?"

"ताई, बसा न. पाणी घ्या."

"पाणी नको. मी फोटो नाही देत म्हणून लिवलं होतं."

"पोरीचं कौतुकच करून राहिलो न आपण. आन शब्द त तुमचेच आहेत."

"माहे शब्द आहेत त पूर्ण लावा."

"एवढं फ्लेक्सवर बसते का ताई?" ते हसले. त्या हसण्यानं माझा उरलासुरला संयम गेला. मी मोबाइल काढला, बाकड्यांकडे वळले आणि माझा मेसेज पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचला. दप्तर, मागची बॅच, दम नाही, सगळं. एकही शब्द सोडला नाही. मला वाटलं, आता यांना कळलं.

बाळापूरच्या गृहस्थानं घसा खाकरला. "म्हंजे मांगच्या बॅचमंदी टाकलं, आन मंग पोरीले चौऱ्याण्णव पडले?"

"घरी अभ्यास करून पडले," मी म्हटलं.

"हो, पन मनाले लागलं म्हणूनच केला न तिनं." त्यानं शेजारच्याकडे पाहिलं. शेजारच्यानं मान हलवली. "आमच्या पोट्ट्याले असाच मास्तर पाह्यजे. घरी लाडानं बसला आहे तो."

माझ्या पोरीनं गिळलेला तो अपमान या माणसानं जाहिरातीसारखा घेतला. मी त्याला काय सांगणार होते, ती रात्री उठून बाथरूममध्ये नळ सोडून रडायची हे? सांगितलं असतं तरी त्याला ते पसंतच पडलं असतं. सर खुर्चीत मागे रेलले होते. त्यांना आता माझ्याशी भांडायची गरजच उरली नव्हती.

"फ्लेक्स उतरवा," मी म्हटलं.

"पोरीचा फोटो उद्या झाकून देतो ताई. त्यात काय एवढं."

"आन माहा पोरगा उद्यापासून येणार नाही."

हे मी ठरवून आले नव्हते. तोंडातून निघून गेलं, आणि निघाल्यावर कळलं की हेच करायचं होतं. सर काही म्हणतील म्हणून मी थांबले. फीचं, वर्षाचं, निदान पोराच्या नुकसानाचं तरी.

बोलला तो बाळापूरचा. जागेवरून उठून टेबलाजवळ आला, माझ्या अगदी बाजूला, आणि मी तिथं नाहीच अशा आवाजात सरांना म्हणाला, "मंग एक जागा झाली न, सर?"

सरांनी खण उघडून प्रवेशाचा अर्ज काढला आणि त्याच्यापुढे सरकवला. "दोन फोटो आणले का पोराचे?"