नानांच्या नावावरची पट्टी

नानांना मारलं तेव्हा मी पर्चेसच्या केबिनमध्ये होते. मधे काच होती, तरी आवाज आला. लोखंडी पाइप हाडावर बसला की कसा आवाज येतो हे मला तोवर माहीत नव्हतं. नसतं कळलं तर बरं झालं असतं.

आमचा जळगाव एमआयडीसीतला प्लास्टिकच्या चटयांचा कारखाना. खरेदी मी बघते. नाना मेंटेनन्सचे सुपरवायझर, शिरपूरकडचे, रिटायर व्हायला आलेले. आदल्या दिवशी वाया गेलेल्या चटया दळणाऱ्या ग्राइंडरमध्ये एका ऑपरेटरचा हात गेला. मनगटापासून गेला. खालच्या पोत्यात पडणारे दाणे लाल होते आणि मशीन तरी फिरतच होतं, कारण झाकण उघडलं की मशीन बंद पाडणारा स्विच कधीचा बिघडलेला. तो बिघडला तेव्हा नानांनी ग्राइंडरला कुलूप ठोकलं होतं आणि नव्या स्विचची मागणी सिस्टीममध्ये टाकली होती. मॅनेजरनं ते काढायला लावलं, इलेक्ट्रिशियनकडून वायर सरळ जोडून घेतली आणि म्हणाला, स्विच येईल तेव्हा येईल, माल थांबता कामा नये.

सकाळी त्या ऑपरेटरचे दोघे भाऊ आले. हातात पाइप. स्विच का नव्हता, एवढंच विचारत होते. मॅनेजरनं सिस्टीममधून एक प्रिंट काढून त्यांच्यापुढे धरली. स्विचची मागणी कोणाकडे किती पडून राहिली, याचा तयार रिपोर्ट. सगळ्यात वर नानांचं नाव, त्यांच्यापुढे आठवडेच्या आठवडे. मॅनेजरच्या नावापुढे जेमतेम काही मिनिटं.

"आम्ही आल्या आल्या मंजूर करतो," मॅनेजर म्हणाला. "याच्याकडेच पडलं होतं."

पहिला फटका खांद्यावर, दुसरा तोंडावर. नाना खाली पडले तरी ते थांबेनात. मी धावले आणि हातातली स्टीलची बाटली फेकून मारली. ती एकाच्या पाठीत बसली. त्यानं मला असं ढकललं की कोपर फुटलं. बाकीचे कामगार? गंमत बघत उभे, मेले! मॅनेजर केबिनमध्ये आतून कडी लावून बसला होता.

नानांचा डावा डोळा गेला. आणि दुपारी पोलीस आले तेव्हा मॅनेजरनं तीच प्रिंट त्यांनाही दिली. म्हणजे हात तुटायला कारणीभूत कोण, तर नाना. गुन्हा त्यांच्यावर. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी त्या मागणीचा सगळा माग उघडला. तयार रिपोर्ट नाही, एकेक नोंद. कोणी, कधी, काय केलं, काय शेरा मारला, कोणत्या कॉम्प्युटरवरून. एक्सेलमध्ये ओळीनं मांडलं. मागणी एखाद्याकडे कधी आली हे तिथं वेगळं लिहिलेलं नसतं. आधीच्यानं सोडली तीच पुढच्याकडे आल्याची वेळ. ती त्याच्या सोडण्याच्या वेळेतून वजा केली की त्याच्याकडचा मुक्काम निघतो. प्रत्येक मुक्कामाची एक पट्टी काढली, प्रत्येक माणसाचा एक रंग. आणि अपघात झाला तिथं उभी लाल रेघ.

तेव्हा दिसलं. मॅनेजरनं मागणी एकदा नाही, तीनदा परत पाठवली होती. पहिल्यांदा शेरा, फोटो जोडा. दुसऱ्यांदा, तीन कोटेशन जोडा. अरे, कोटेशन आणणं माझं काम, नानांचं कशाला? तिसऱ्यांदा, मशीनचा नंबर टाका. नंबर पहिल्याच ओळीत होता! मुडद्या, वाचता येत नव्हतं का? रिपोर्ट मात्र त्याची शेवटची फेरी तेवढी धरत होता, ज्यात त्यानं खरंच लगेच मंजूर केलं. परत पाठवल्यानंतरचा सगळा काळ नानांच्या खात्यात.

पण पट्ट्या मांडूनही नानांचाच रंग सगळ्यात लांब येत होता. परत आलेली मागणी त्यांच्या लॉगिनमध्ये पडलेली, हे तर खरंच. मी स्क्रीनकडे बघत बसले. नाना कामात दिरंगाई करणारे नाहीत, आकडे मात्र दिरंगाई त्यांचीच सांगत होते. मग कॉम्प्युटरच्या नावाचा रकाना बघितला. नानांची प्रत्येक नोंद मॅनेजरच्या कॉम्प्युटरवरून होती. त्या कॉम्प्युटरच्या बाकीच्या नोंदी काढल्या, तर दरवेळी जरा आधी मॅनेजरनं दुसऱ्याच कुठल्या तरी मागणीवर काम केलेलं.

कपाळावर हात मारला मी. शॉपफ्लोअरच्या सुपरवायझरांना वेगळा कॉम्प्युटरच नाही. त्यांचं लॉगिन मॅनेजरच्या केबिनमधल्या कॉम्प्युटरवर उघडायचं. मॅनेजर जास्त वेळ धुळ्याच्या युनिटला, आणि केबिनची किल्ली त्याच्या खिशात. हजेरीला अंगठा लावतो त्या मशीनच्या नोंदींशी पडताळून बघितलं. तो जळगावात आला त्याच दिवशी नानांनी उत्तर दिलंय, दरवेळी. मागणी नानांच्या नावावर पडून होती आणि नाना कुलूपबंद दाराबाहेर.

त्या पट्ट्यांना मी मॅनेजरचा रंग दिला. नानांचा रंग केवढा उरला? नखाएवढा. अकाउंट्सनं मागणी त्याच दिवशी सोडली होती. शेवटची पट्टी मालकांची, त्यांच्या मंजुरीनंतरच मागणी माझ्याकडे येते. ती लाल रेघ ओलांडून पुढं गेली होती. हात तुटल्यावर, त्याच दुपारी, मालकांनी सुरतेला बसून मोबाइलवर मंजुरी दिली होती.

एक प्रत पोलीस स्टेशनला दिली. साहेबांनी दोनदा समजावून घेतली, मॅनेजरला बोलवा म्हणाले, आणि नानांचं नाव तूर्त बाजूला ठेवलं. मला रडू आलं. तिथून तडक हॉस्पिटल. गेटवर ऑपरेटरचे ते दोघे भाऊ चहा पीत होते, पोलिसांनी त्यांना अजून हात लावला नव्हता. त्यांचा भाऊ आणि नाना एकाच हॉस्पिटलात. मला बघून धाकटा मान खाली घालून सरकायला लागला.

"थांब," मी म्हणाले. "कोणाचा डोळा फोडलास ते बघून जा."

कागद पसरून दाखवला. एकेक पट्टी, एकेक कुलूप. थोरल्यानं एका रंगावर बोट ठेवलं.

"हाई कोनी?"

"मॅनेजरची."

त्यानं कप खाली टाकला. दोघे मोटारसायकलीकडे गेले. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

वर नाना पट्टी बांधून पडले होते. जबडा सुजलेला, शब्द धड फुटत नव्हते. मी कागद त्यांच्या उजव्या डोळ्यासमोर धरला आणि सगळं सांगितलं. त्यांनी बराच वेळ बघितलं. मग माझं मनगट धरलं.

"ताई, पोलीसले दे. त्या पोरेसले दखाडू नको. त्या त्याले मारी टाकतीन." दम घेतला. "एक हात गया, एक डोया गया. आते बस."

मी घाईघाईनं कागदाची घडी घालायला लागले. नानांना कळलं. त्यांनी मनगट सोडलं आणि उठायला लागले, सलाइनची नळी ताणली गेली, "फोन लाव, फोन लाव त्याले," म्हणत राहिले.

मी मॅनेजरला लावला. घंटी वाजत राहिली. मग कारखान्याच्या वॉचमनला लावला. त्यानं उचलला. मागून नुसता तो आवाज येत होता, पाइपचा, जो मला आता ओळखता येतो.