चौथऱ्याची किंमत

कारखान्याच्या खरेदीसाहेबांचा लौकिक मोठा. बोलणी अर्धवट टाकून उठतील तर ते साहेब कसले! एका जुन्या छपाईयंत्राचा सौदा पक्का होण्याआधीच त्यांनी हौसेनं, नुसत्या अंदाजावर, त्याच्यासाठी काँक्रीटचा चौथरा बांधून घेतला. विकणाऱ्यानं चहा पिता पिता तो चौथरा पाहिला आणि दुसऱ्या दिवशी भाव वाढवला.

साहेब भडकले. पण एवढा चौथरा बांधल्यावर माघार घ्यायची? कबूल झाले. मग वाहतूक त्यांच्या गळ्यात पडली, मागोमाग दुरुस्तीही. दर वेळी साहेब टेबलावर मूठ आपटत आणि मुकाट्यानं मान डोलावत. एव्हाना नवंकोरं यंत्र याहून स्वस्त पडलं असतं.

शेवटी बायकोनं विचारलं, "अहो, चौथरा बांधलाच नसता आणि यंत्र आज पहिल्यांदा बघितलं असतं, तर घेतलं असतं का?"

"फुकट दिलं तरी नसतं घेतलं!"

"मग सोडा की."

"आणि चौथरा वाया घालवू?" साहेबांना तिची कीव आली.

सकाळी त्यांनी सही ठोकली. यंत्र आलं, ते चौथऱ्याहून हातभर लांब निघालं. साहेबांनी ताबडतोब चौथरा फोडायला माणसं लावली.