आरशापुढचा फोन

पार्लरवाल्या ताईंची ख्याती अशी, की त्यांच्या कानात घातलेली गोष्ट बाहेर येत नाही. वीस वर्षांत एकीचंही गुपित फुटलं नव्हतं. यात शील वगैरे फार नव्हतं. उजवा कान दुकान उघडायच्या आधीच रजेवर गेला होता आणि डावा अर्धवेळ काम करत होता. ड्रायर सुरू झाला की ताई आरशात गिऱ्हाइकाचे ओठ हलताना पाहत आणि अधूनमधून "अगंबाई!" म्हणत. तेवढ्यावर भागत असे. हे कळलं तर मात्र दुकान बसलंच. केस काय, कोपऱ्याकोपऱ्यावर कापून मिळतात.

फोन आरशाखालच्या फळीवर उभा, गाणी लावलेली. केसांना रंग लावून पाऊण तास बसलेल्या बाईला वाचायला तेवढंच. एकदा स्क्रीन उजळली, "आपल्या श्रवणचाचणीची वेळ..." ताईंनी झटकन टॉवेल टाकला.

संध्याकाळी भाचीने सेटिंग्जमध्ये जाऊन संवेदनशील नोटिफिकेशनचा मजकूर लॉक स्क्रीनवर बंद केला.

"मावशी, आता मेसेज आलाय एवढंच दिसेल. काय आलंय ते लॉक उघडल्यावर."

"टॉवेल धुवायचा तरी वाचला."

दुसऱ्या दिवशी खुर्चीत वकिलीणबाई. दुसऱ्याचा फोन वाचण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. स्क्रीन उजळली. ॲपचं नाव, खाली 'मजकूर लपवला आहे'.

"परवापर्यंत दूधवाल्याचे मेसेजसुद्धा दिसायचे हो! आता काय लपवताय?"

"काही नाही."

"काही नाही, ते कुणी लपवत नाही."

आठवडाभरात लोकांच्या तोंडी ताईंना एक मित्र लाभला, तोही उंच, घटस्फोटित आणि परगावचा. ज्या नवऱ्याने दहा वर्षांत ताईंकडे धड पाहिलं नव्हतं, त्याने जेवताना विचारलं, "कोण आहे तो?" ताईंना क्षणभर बरंच वाटलं. पण पाठोपाठ चार गिऱ्हाइकं गळाली. स्वतःचं लपवते ती आमचं त्याला सांगत असणार, असं त्यांचं म्हणणं. तर्काला तोड नव्हती.

वकिलीणबाई भुवया करायला, म्हणजे चौकशीला, आल्या तेव्हा ताईंनी दोरा बाजूला ठेवला. अंगठा लावून लॉक उघडलं आणि मेसेज त्यांच्या नाकासमोर धरला. 'आपले श्रवणयंत्र तयार आहे. शनिवारी घेऊन जावे.'

वकिलीणबाईंनी तो दोनदा वाचला.

"म्हणजे माझ्या जावेचं सांगितलं होतं, ते?"

"ड्रायर चालू होता."

"आणि धाकटीच्या लग्नाचं? मी रडले होते हो!"

"रडताना पाहिलं. का, ते नाही कळलं."

वकिलीणबाईंचा चेहरा पडला. वीस वर्षं मन मोकळं केलं, ते भिंतीपुढे. आता उठून जाणार, असं वाटून ताईंनी खुर्ची मागे ओढली.

"शनिवारी यंत्र, म्हणजे रविवारी पहिला नंबर माझा," वकिलीणबाई म्हणाल्या. "सगळं पहिल्यापासून सांगावं लागणार."

बातमी त्यांच्याकडे होती, म्हणजे पोचलीच. शुक्रवारपर्यंत रविवारचे सगळे नंबर भरले. गळालेल्या चौघीही त्यात होत्या. केस कापायचे एकीचेही नव्हते.