फळ्यावर नसलेले बहात्तर तास

चिमाजी शिळीमकर हे भोरमधल्या शेफाली मॅडमच्या सीए ऑफिसचे हेडक्लार्क. वय अठ्ठावन्न, मिशी पासष्टची. ऑफिसातला कारभार कॉम्प्युटरवर चालतो असा मॅडमचा समज आहे. तो चिमाजीअण्णांच्या ‘बघू की’ या दोन शब्दांवर चालतो, हे अख्ख्या तालुक्याला ठाऊक आहे.

यंदाच्या सप्टेंबरात मात्र ‘बघू की’ने भागणार नव्हतं. महिनाअखेर टॅक्स ऑडिटचे रिपोर्ट भरायची मुदत. त्यात अकरा तारखेचं आणि वीस तारखेचं जीएसटी आडवं पडतंच. गेल्या वर्षी एकोणतीस तारखेला ऑफिसातली आरती टेबलावरच चक्कर येऊन पडली आणि तीन आठवडे घरी बसली. शिवानी पडली नाही, पण पडली असती तर बरं, असं तिचं तोंड झालं होतं. शिवानीचं घर वेल्ह्याला. रोज एसटीने नसरापूर, तिथून रिक्षाने कापूरहोळ, मग भोर. गेल्या सप्टेंबरात ती घरी पोचायची साडेनवाला आणि उठायची पाचाला. ऑगस्टअखेर तिनं अण्णांना सरळ सांगितलं, “अण्णा, यंदा तसंच झालं तर एक ऑक्टोबरला मी नाही. पुण्यात नोकरी बघून ठेवलीय.”

अण्णांचा चहा कपातच थिजला. ऑडिटमधलं शिवानीला जेवढं कळतं तेवढं ऑफिसात मॅडम सोडून कुणालाच कळत नाही. शिवाय सहा वर्षांपूर्वी तिला कामाला लावताना तिच्या आईला अण्णांनीच सांगितलं होतं, “पोरीची काळजी करू नका, मी हाय.” आता ती पोरगीच आपल्यामुळे चालली, असं त्यांच्या मनाने घेतलं.

त्या रविवारी अण्णांनी ऑफिसात जाऊन फळा पुसला आणि हिशोब मांडला. फायली सव्वीस. एका फायलीला बारा तास, म्हणजे तीनशे बारा. रोजचं काम उरकून महिन्यात दोनशे तास निघतात. उरले एकशे बारा. माणसं चार: शिवानी, आरती, स्वप्नाली आणि पप्पू. म्हणजे माणशी अठ्ठावीस तास, आठवड्याला सात. रविवारी सुट्टी, कुणीही आठवड्यात चारपेक्षा जास्त दिवस जादा बसायचं नाही, जादा तासांच्या बदल्यात पगार किंवा ऑक्टोबरात रजा, जे हवं ते. ऑफिसची स्वतःची मुदत तीस नाही, पंचवीस. कारण रिपोर्ट आपण चढवला तरी गिऱ्हाइकाने त्याच्या लॉगिनमधून तो मान्य करावा लागतो, आणि आपल्या गिऱ्हाइकाच्या मोबाईलला डोंगरावर रेंज म्हणजे पाहुणा, आला तर आला.

आणि शेवटची ओळ मोठ्या अक्षरात: दहा तारखेनंतर नवी फाईल घेतली जाणार नाही.

शिवानीने फळा वाचला. “आमच्या गावातनं पहाटे दुधाचा टेम्पो निघतो. मी साडेसातला येते, सव्वापाचला सोडा. चार दिवस. सात तास भरतात.”

“भरतात की!” अण्णा एवढे खूश झाले की सगळ्यांना भेळ आली.

दोन आठवडे झकास गेले. आरती वेळेवर जेवली, पप्पूने जांभई दिली नाही, स्वप्नाली चक्क हसली. मॅडम फळ्याचा फोटो काढून गेल्या. फक्त अण्णांचे डोळे लाल दिसायचे. विचारलं की म्हणायचे, “धूळ हाय.” भोरमध्ये एवढी धूळ एकाच माणसाच्या डोळ्यांत कशी जाते, हे कुणी विचारलं नाही.

अठरा तारखेला शिवानी साडेसातला आली. ऑफिस रोजच्यासारखं अण्णांनी उघडलेलं, पण आज दारात ते नव्हते. अण्णा टेबलावर डोकं ठेवून झोपलेले. डोक्याखाली उशी नव्हती, पावत्यांची पिशवी होती. टेबलाखाली आणखी पाच. स्क्रीनवर एका हार्डवेअरच्या दुकानाचा रिपोर्ट उघडा. तिनं वाकून पाहिला. अखेरचा साठा: सिमेंट, पत्रे, खिळे आणि एकशे ऐंशी मेंढ्या.

तिला आधी हसू आलं. मग हे असंच मॅडमच्या सहीला गेलं असतं हे लक्षात आलं, आणि हसू गेलं.

“अण्णा.”

अण्णा दचकून उठले. “कोंडिबाची फाईल झाली का?” हे त्यांचे पहिले शब्द.

“कोंडिबाच्या मेंढ्या हार्डवेअरमध्ये चरतायत. बघा.”

अण्णांनी पाहिलं. मिशीसुद्धा खाली आली.

“कितीला येताय तुमी?”

“पाचला.”

“रोज?”

“बारा तारखेपासनं. अगं, त्यो माझा जुना दोस्त कोंडिबा आंबवड्याहून आलेला. मेंढ्यांचा सगळा धंदा रोखीचा, उलाढाल एक कोटी वीस लाख, ऑडिट चुकलं तर साठ हजार दंड. दारात उभा राहिला. न्हाई कसं म्हणायचं? म्हटलं ठेव पिशवी, बघू की. मग दुसरा आला. एकाला घेतली, दुसऱ्याला कुठल्या तोंडानं परत पाठवायचं?”

“सहा पिशव्या. बारानं गुणा.”

अण्णा बोटांवर मोजू लागले.

“बहात्तर तास. फळ्यावर कुठायत?”

“तुमा पोरांवर न्हाई टाकले. म्याच करतोय.”

“फळ्यावर तुमचं नावच नाही! तुमी काय माणसात नाही?” शिवानीचा आवाज चढला. “आज मी बघितलं म्हणून. उद्या तुमी पडला की हे बहात्तर तास कुणाच्या अंगावर येणार? माझ्याच. असला फळा नको मला. गेल्या वर्षी निदान कोण किती राबतंय ते दिसत तरी होतं.”

अण्णांनी टेबलाखालच्या पिशव्या एकेक करून वर काढल्या.

मॅडम दहाला आल्या. सगळं ऐकून त्यांनी चष्मा काढला. “अण्णा, माझी सही तुमच्या जागरणावर नाही चालत. किती झाल्या?”

“दोन. त्यातली एक ही.”

“त्या दोन शिवानी तपासेल, फळ्यावरचं दुसरं काम कमी करून. चार परत. नसरापूरला, पुण्याला माझे ओळखीचे सीए आहेत, मी बोलते. अजून बारा दिवस आहेत. पण गिऱ्हाइकांना फोन तुम्ही करायचा.”

तिघांनी कुरकुरत का होईना, पिशव्या नेल्या. कोंडिबाची फाईल अण्णांनी जेमतेम उघडली होती. तीही परत जाणाऱ्यांतली. दुपारी कोंडिबा स्वतः आला.

“चिमाजी, तू ठेवून घेतलीस. त्याच दिशी न्हाई म्हणला असतास तर म्या तवाच दुसरीकडं गेलो असतो. सहा दिस घालवलंस माझं.”

“चुकलं, कोंडिबा. नसरापूरचं साहेब घ्यायला तयार हायेत.”

“तुजा साहेब माझी शेरडं-मेंढरं वळखतो व्हय?” पिशवी काखेत मारून तो निघाला. चहाला थांबला नाही. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा.

पिशवी नसरापूरला पोचली, रिपोर्ट मुदतीत गेला. हे अण्णांना मॅडमकडून कळलं, कोंडिबाकडून नाही. ऑफिसातल्या अठ्ठावीस फायली सव्वीस तारखेला संपल्या. एक दिवस उशीर, पण कुणी पडलं नाही. राहिलेले दिवस माळरानावरच्या गिऱ्हाइकांना रेंजमध्ये आणण्यात गेले.

एक ऑक्टोबरला शिवानी नेहमीच्या वेळी आली. अण्णा तिच्याकडे न बघता फायलींना दोरे बांधत होते.

“मी थांबतेय,” ती म्हणाली. “पण पुढल्या वर्षी दारात मी बसणार. पिशवी घ्यायची की नाही, मी ठरवणार.”

“आणि कोंडिबासारखा कुणी आला तर?”

“दहा तारखेच्या आत आला तर चहा. नंतर आला तर नुसताच चहा.”

अण्णा हसले. मग संध्याकाळी आंबवड्याच्या एसटीत जाऊन बसले. कोंडिबा घरात घेईल की नाही, याची त्यांना खात्री नव्हती.