नोटीस पगाराचे सतरा दिवस

रोह्याच्या बँकेतल्या कारकुनाने पासबुक खिडकीतून बाहेर सरकवलं आणि मी रांगेतून बाजूला न होता तिथेच उघडलं. निळ्या शाईत एकच ओळ होती. तारीख, 'फुल अँड फायनल' आणि आकडा.

"बाई, जरा सरका की," मागून कुणीतरी म्हणालं.

सरकले. आकडा पुन्हा वाचला. तो माझ्या हिशोबापेक्षा जास्त होता.

कमी असता तर काय करायचं ते मला ठाऊक होतं. अर्ज लिहायचा, एक प्रत स्वतःजवळ ठेवायची, पोच घ्यायची. जास्तीचं काय करतात हे मी कधी ठरवलंच नव्हतं.

ही गोष्ट नव्वदनंतरची. धाटावच्या एका केमिकल कंपनीत मी स्टोअरची कारकून होते. लग्नानंतर घर पेणला, नोकरी धाटावला. सकाळी गाडी, नागोठणे, रोहा, तिथून टमटम, आणि संध्याकाळी तेच उलटं. मुलगी पहिलीत गेली तेव्हा मी ठरवलं की आता पुरे. वडखळच्या नाक्यावर सिमेंट, पत्रे आणि पाइप विकणाऱ्या एका मोठ्या दुकानाला हिशोब ठेवणारी बाई हवी होती. शेठ कोकणी मुसलमान, पन्नाशीचे. दोन भाऊ आखातात आणि धंदा हे एकटे बघत. मला विचारलं फार थोडं. अट मात्र एकच घातली.

"आधीचा कारकून गल्ला घेऊन पळाला. कुठल्याशा कंपनीतून काढलेला होता, मला मागाहून कळलं. तेव्हा बाई, कंपनीने तुमचा फायनल हिशोब केला की तो कागद आणून दाखवा. सोमवारच्या आत. नायतर दुसरी एक हाय लाइनीत."

त्या शुक्रवारी मी बँकेत होते ती एवढ्याचसाठी. पैसे जमा झाले म्हणजे कागद तयार असणार.

बाकावर बसून घरून आणलेला कागद काढला. माझ्या चार ओळी होत्या. चालू महिन्यात काम केलेल्या दिवसांचा पगार. शिल्लक राहिलेल्या हक्काच्या रजेचे पैसे. ग्रॅच्युइटी: शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता, भागिले सव्वीस, गुणिले पंधरा, गुणिले वर्षं. नोकरी नऊ वर्षं आठ महिने, पण वरचे महिने सहाच्या पुढे गेले की पूर्ण वर्ष धरतात, म्हणून दहा. शेवटची ओळ वजाबाकीची, गणपतीला घेतलेला अॅडव्हान्स. प्रॉव्हिडंट फंड यात येत नाही, त्याचा अर्ज वेगळा आणि वाटही वेगळी.

जास्तीच्या रकमेला एका दिवसाच्या पगाराने भागलं. बरोबर सतरा आले.

सतरा म्हटल्यावर उलगडलं. मी महिन्याची नोटीस दिली होती. तेराव्या दिवशी मॅनेजरसाहेबांनी बोलावून सांगितलं, नवा मुलगा आलाय, त्याला सगळं समजावून झालंय, उद्यापासून तुम्ही आला नाहीत तरी चालेल. नेमणूकपत्रात लिहिलेलं असतं की कंपनीने नोटीस पुरी व्हायच्या आधी सोडलं तर राहिलेल्या दिवसांचा पगार कंपनी देते, आणि माणूस स्वतः आधी गेला तर तेवढा कापून घेते. मला मिळेल असं वाटलं नव्हतं, म्हणून ओळ धरली नव्हती. मिळाला होता.

बँकेतून बाहेर पडताना मी मनात गॅसची दुसरी शेगडी घेऊन टाकली होती.

धाटावला गेटवर वॉचमनने वही पुढे केली. "सही करा मॅडम, व्हिजिटरमध्ये. काय करणार, आता तुम्ही पावण्या."

"पावण्याला चहा देतात."

"तो कँटीनवाला देईल, मी फक्त वही देतो."

पर्सनेलमधला कारकून माझ्याच वयाचा, बडबड्या आणि कामाला वाघ. त्याने फाइलमधून हिशोबाचा कागद काढून दिला. मी वरून खाली वाचत गेले. पगार बरोबर. रजा बरोबर. ग्रॅच्युइटी दहा वर्षांची, बरोबर. नोटीस पगार, सतरा दिवस, देय. अॅडव्हान्स वजा. मग अगदी खाली छापील ओळ, 'नोकरी सोडण्याचे कारण: राजीनामा / सेवा समाप्ती'. त्यातला राजीनामा खोडलेला होता.

"हे काय?"

"काय?"

"मी राजीनामा दिला होता. इथे तुम्ही मला काढून टाकलंय."

त्याने कागद ओढून घेतला. "नोटीस पगार मिळालाय ना तुम्हाला? मग सेवा समाप्तीच."

त्याची चूक मला नंतर नीट समजली. त्या कंपनीत नोटीस देऊन कुणी जातच नसे. आखाताचा व्हिसा आला की माणूस रात्रीतून मुंबई गाठायचा आणि आठ दिवसांनी त्याचा भाऊ हिशोब मागायला यायचा. भातलावणीला गेलेले तर परत यायचे की नाही हे त्यांचं त्यांनाच ठाऊक नसायचं. त्यामुळे नोटीस पगार हा नेहमी वजाबाकीच्या बाजूला. देय बाजूला तो लिहिला जायचा फक्त कंपनीने ज्याला बाहेर काढलं त्याच्या कागदावर. इतक्या वर्षांत त्याला दुसरं काही दिसलंच नव्हतं. त्यात साहेबांनी फोनवर त्याला सांगितलं होतं की बाईंना उद्यापासून बंद केलंय. त्याने हे दोन्ही जोडलं आणि राजीनाम्यावर रेघ मारली.

"राजीनाम्यावरची रेघ काढा, आणि समाप्तीवर मारा," मी म्हटलं.

"मग नोटीस पगार कशाच्या जोरावर दिला ते सांगा. राजीनामा लिहिला आणि तारीख बघितली तर तुम्ही सतरा दिवस आधी गेलात. ऑडिटवाला मलाच विचारणार. उलटे तुमच्याकडून कापायला हवे होते."

"मी गेले नाही, मला पाठवलं."

"मान्य. साहेबांनी तसं लिहून द्यावं. मी दोन्ही ठेवतो, राजीनामा आणि पैसेही. माझ्या खिशातून थोडेच जातात?"

म्हणजे एका सहीचं काम होतं. साहेब प्लांटवर गेले होते. मी केबिनबाहेर उभी राहिले, मग बसले, मग स्टोअरपर्यंत जाऊन आले. नव्या मुलाने वॉशरचे डबे चुकीच्या रॅकवर लावले होते. ते मी त्याला सांगितलं, आणि आता हे आपलं काम नाही हेही मला तेव्हाच आठवलं.

साहेब आले. मनाने वाईट नव्हते, पण कागदावर सही करायची म्हटली की त्यांना घाम फुटायचा.

"तोंडी सांगितलं ते सांगितलं. लिहून कसं देऊ? मुंबई ऑफिस विचारेल, बाईला घरी बसवून सतरा दिवसांचा पगार कुणाला विचारून दिलात?"

"पण तुम्हीच नको म्हणालात, साहेब."

"येऊ नका म्हणालो, पगार देतो म्हणालो का?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "असं करा. तुमच्या विनंतीवरून लवकर मोकळं केलं, असं लिहितो. म्हणजे आम्ही द्यायचं नाही, तुमच्याकडून कापायचं नाही. राजीनामा स्वच्छ. ते सतरा दिवस तेवढे परत भरा."

विनंती मी केली नव्हती. पण समोर दोनच कागद होते. एकात पैसे होते आणि मला काढलेलं होतं, दुसऱ्यात पैसे नव्हते आणि नोकरी मी स्वतः सोडलेली होती. वडखळला सोमवारच्या आत पहिला कागद नेला असता तर शेठने तो वाचून दुसरीला बोलावलं असतं. निदान मला तसंच वाटत होतं.

"लिहा," मी म्हटलं.

बँकेची खिडकी दोनला बंद व्हायची. टमटम पकडून रोह्याला, पैसे काढून परत धाटावला. रस्त्यात एक टँकर आडवा होता आणि टमटमवाला बिडी ओढत "निघंल हो, निघंल" म्हणत बसला. मी उतरून चालायला लागले, तो मागून येऊन पुन्हा बसवून घेऊन गेला. कंपनीच्या कॅशियरने नोटा दोनदा मोजल्या. पावती झाली. पर्सनेलवाल्याने नवा कागद टाइप केला, या वेळी सेवा समाप्तीवरची रेघ पट्टी लावून मारली आणि म्हणाला, "बघा, कशी सरळ आलीय."

"फार महागात पडली," मी म्हटलं.

संध्याकाळी वडखळला उतरले तेव्हा शेठ पाइप मोजून देत होते. हात पुसून त्यांनी कागद घेतला, चष्मा वर केला आणि मधल्या ओळीवर बोट ठेवलं.

"ग्रॅच्युइटी. पूर्ण दिलीय ना? दहा वर्षांची?"

"हो, पूर्ण."

"झालं तर." कागद घडी करून त्यांनी माझ्या हातात दिला. "या सोमवारपासून."

मला राहवेना. "खाली बघा ना. कारण लिहिलंय, राजीनामा."

"ते काय बघायचं? कारण कोण कायपण लिहितं. माझ्या पुतण्याला चोरीवरून काढला ना रोह्याच्या एका कंपनीने, त्याला राजीनामाच लिहून दिला, घरची अब्रू म्हणून. पण ग्रॅच्युइटीचा एक पैसा नाय दिला. गुन्ह्यावरून काढलेल्याची ती अडवता येते. दिली म्हणजे माणूस चोख. मी एवढंच बघतो."

"म्हणजे सेवा समाप्ती लिहिलं असतं तरी..."

"ग्रॅच्युइटी पूर्ण असती तर चाललं असतं की. कंपन्या काय, कुणालापण काढतात. का, काय झालं?"

"काही नाही," मी म्हटलं.

त्यांनी पोऱ्याला चहा सांगितला. मी नको म्हटलं. पेणची एसटी नाक्यावर उभी होती आणि मला दुकानात आणखी थांबायचं नव्हतं, पण गाडीचा ड्रायव्हर आलाच नव्हता, म्हणून चहा घ्यावा लागला. शेठने दुकानाच्या चाव्या कुठे असतात, उधारी कुणाला द्यायची नाही, दुपारचा नमाज किती वाजता, हे सगळं तिथेच सांगून टाकलं. मी ऐकत होते आणि डोक्यात सतराला एका दिवसाच्या पगाराने पुन्हा पुन्हा गुणत होते, जसं काही कधीतरी उत्तर कमी येईल.

घरी नवरा म्हणाला, "आधी त्यांना विचारायचं होतंस, नेमकं काय बघणार म्हणून."

"विचारलं असतं तर काढलंय की काय असा संशय नसता आला?"

"आला असता," तो म्हणाला.

मग त्याने विचारलं की शेगडीचं काय, कारण बँकेतून मी शेजाऱ्यांच्या फोनवर उत्साहाने निरोप ठेवला होता. मी सांगितलं, एकीवरच भागतंय. आणि मुलीच्या डब्याला आधी पोळ्या की भाजी, हा वाद त्याच एका शेगडीवर पुढची दीड वर्षं चालला.