वाळ्याचा पट्टा आणि सासूची वाट

"गवत पिकवून कुणी मोठा झालाय काय? उद्या नांगर घालतो आणि भेंडी लावतो," बाळाराम म्हणाला.

"घाला की. पण नांगर घालण्याआधी तळ्यातले रोहू मासळीवाल्याला विकून या. नंतर मेलेले विकावे लागतील," कमळा म्हणाली. ती चुलीपुढे होती आणि वळून बघत नव्हती. भांडण सकाळपासून चाललं होतं, पण भाकऱ्या थांबत नव्हत्या.

"वीस फूट रुंद जमीन, कमळे. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. वर्षभर नुसता वाळा डोलतोय. आणि तळं अजूनही चहासारखं गढूळ."

हे मात्र खरं होतं. तळं चहासारखं दिसत होतं. म्हणूनच कमळेचा आवाज जरा जास्त ठाम झाला होता.

कमळा अंजूरची. बाप खाडीत पागाचं जाळं टाकायचा, त्यामुळे जिवंत मासा म्हणजे काय हे तिला पाळण्यापासून ठाऊक. लग्न होऊन अकलोलीच्या अलीकडच्या या टेकडीच्या गावात आली, तेव्हा इथे मासा यायचा तो सुकूनच. बाळारामच्या बापाने वीटभट्टीसाठी माती काढून एक मोठा खड्डा करून ठेवला होता. त्यात वहाळाचं, म्हणजे ओढ्याचं, पाणी घेऊन कमळेने मत्स्यबीज सोडलं. भिवंडीहून लूमवाल्यांची माणसं शुक्रवारी येऊ लागली, "भाभी, रोहू है क्या?" म्हणत, आणि चार वर्षांत तिचं हिंदी सासूला न समजण्याइतकं चांगलं झालं.

मग एके वर्षी पाऊस गेल्यावर तळं हिरवंगार झालं. पहाटे मासे वर येऊन तोंडं वासायला लागले. सगळं तळं जांभया देत असल्यासारखं. दोन पहाटांत निम्मे मेले.

भिवंडीच्या मृदसंधारण कचेरीतून माधव नावाचे साहेब आले होते. तरुण, चष्म्याला सुतळी बांधलेले. त्यांनी तळं न बघता आधी वरचं शेत बघितलं. उतारावरचं हलक्या मातीचं वरकस रान, त्यात बाळारामची भेंडी आणि काकडी, त्यावर मुठीमुठीने फेकलेलं सुपर फॉस्फेट.

"दादा, तुम्ही खत भेंडीला घालता, पण खाते ती तळ्यातली शेवाळ," ते म्हणाले. "हे खत मातीच्या कणांना चिकटून बसतं. पावसात माती वहाळात, वहाळातून तळ्यात. शेवाळ माजते, रात्री पाण्यातली हवा संपवते, मासे गुदमरतात."

उपाय म्हणून त्यांनी शेताच्या खालच्या कडेला, वहाळाच्या वर, गवताचा पट्टा आखला. गवंडी वापरतात तशी पाण्याची नळी घेऊन दोन दिवस समपातळी काढली. पट्टा एकाच पातळीत हवा, नाहीतर पाणी खोलगट बाजूला धावतं. वरच्या कडेला वाळ्याची ठोंबं, बोटभर अंतरावर दाट, आणि मागे मारवेल आणि हरळी. "पाणी पसरून, हळू, पातळ थराने गवतातून गेलं पाहिजे. हळू झालं की माती खाली बसते. थोडं विरघळलेलं खत तरीही जाईल, म्हणून खत फेकू नका, मातीत मिसळा. आणि गवत कापून म्हशीला घाला. कापून नेलं की खतही नेलं. पण ओल्यात जनावरं आत सोडू नका, खुरांनी घळी पडतात."

बाळारामने मान हलवली होती. गवत म्हशीला, हा भाग त्याला पटला होता.

आणि आता दुसऱ्या पावसात, वाळा कमरेएवढा, हरळीची गादी, आणि तळं चहासारखंच.

भांडण अर्धवट टाकून कमळा भर पावसात इरलं घेऊन शेतात गेली. पट्ट्यापाशी उभी राहिली. वाळ्याच्या वरच्या अंगाला मातीचा पातळ बांध साठला होता, म्हणजे गवताने काम केलं होतं. पलीकडे गवतातून येणारं पाणी जवळपास स्वच्छ होतं. पण मधोमध, जिथून सासू राहीबाई कपड्यांचं गाठोडं घेऊन वहाळावर धुवायला जाते, तिथे गवत नव्हतं. चालून चालून वाट खोलगट आणि टणक झाली होती. दोन्ही बाजूंनी पाणी वाळ्याच्या कडेकडेने तिकडे पळत होतं आणि लाल गढूळ धार करून थेट खाली पडत होतं. वीस फूट रुंद पट्टा माती अडवत होता, आणि दोन हातांची वाट ती सोडून देत होती.

कमळेने माधव साहेबांना निरोप धाडला. ते आले, ती पायवाट तपासली आणि चष्मा पुसत राहिले.

"वहिनी, मी तेव्हाच म्हणालो होतो, वाट बंद करा. पण राहीमावशी म्हणाल्या, गवतात साप असतात, म्हातारीला मारणार काय. आणि त्यांनी मला बोंबलाचं कालवण वाढलं. दोनदा."

"म्हणजे माझी मासळी बोंबलावर गेली," कमळा म्हणाली.

राहीबाई पडवीत बसून सगळं ऐकत होती. "माझ्या पायांनी काय पाणी गढूळ होतं? मी चाळीस वर्षं जाते त्या वाटेनं. तेव्हा न्हाय झालं गढूळ."

"तेव्हा तळं न्हवतं, आये," कमळा म्हणाली.

"मग तळं बुजवा."

माधव साहेबांनी खालच्या आवाजात सांगितलं, वाट उंचवट्यावरून न्या. तिथे पाणी जमतच नाही. खालची घळ मातीदगडाने भरून, तिथेही दाट वाळा लावा. उंचवटा म्हणजे आक्काच्या घराच्या ओट्यासमोरून. आक्का ही राहीबाईची जाऊ. एका पितळी परातीला पडलेल्या पोच्यावरून दोघी कैक वर्षं बोलत नव्हत्या. परात आता मोडीत गेली होती, अबोला गेला नव्हता.

"त्या बाईच्या दारावरून?" राहीबाई म्हणाली. "त्यापेक्षा मेलेली बरी."

त्यानंतर कमळा वाद घालत बसली नाही. पुढच्या सरीत तिने दोन हंडे नेले. एक गवताच्या खाली भरला, एक वाटेच्या खाली. दोन्ही पडवीत ठेवून दिले. दुसऱ्या दिवशी वरचं निवळलेलं पाणी ओतून टाकलं आणि सासूपुढे हंडे सरकवले. गवताच्या हंड्यात तळाला पापुद्रा. वाटेच्या हंड्यात चार बोटं गाळ.

राहीबाईने गाळात बोट घातलं. "हे तू मुद्दाम ढवळून भरलंस."

"मग तुमीच भरा."

तिसऱ्या दिवशी दुपारी पाऊस लागला तशी राहीबाई इरलं घालून हंडे घेऊन गेली, ते तिने कुणाला सांगितलं नाही. बाळारामने बघितलं, पण तो शहाणा होता, गोठ्यात शिरला.

एक रात्र हंडे तिच्या खाटेखाली राहिले. सकाळी ती वाकून वाटेच्या हंड्यातला गाळ बघत होती.

"ही माती आपली?" तिने लेकाला विचारलं.

"आपलीच. भेंडीखालची."

"आणि खत?"

"तेही आपलंच. पैशाचं."

राहीबाईने हंडे धुतले. त्या संध्याकाळी जेवायला सगळे बसले. कमळेने भाकऱ्या वाढल्या. बाळाराम नांगराचा विषय काढायच्या तयारीत होता, तोंडही उघडलं होतं. तेवढ्यात राहीबाईने त्याच्या ताटात भाजी टाकली.

"नांगर पट्ट्यात घालायचा न्हाय. उद्या ती वाट बुजवा आणि वाळा लावा. मी आक्काच्या दारावरून जाईन. बोलणार न्हाय, पण जाईन."